राज्याच्या संघात निवड झाली, पण ऑफिस रजा देत नाही: अर्ज कसा करावा?

प्रश्न: मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आहे. टीडीएस आणि जीएसटीचं काम माझ्याकडे आहे. खो-खोच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या संघात माझी निवड झाली आहे. सोमवार ३ तारखेपासून १० पर्यंत शिबिर, १३ ते १७ सामने आणि १९ ला रात्री परत. आम्हाला सुटी फक्त रविवारची. माझ्या ९ अर्जित आणि ३ किरकोळ रजा शिल्लक आहेत. एचआर म्हणतात, खेळासाठी वेगळी रजा आपल्याकडे नाही, बिनपगारी घ्या. साहेब म्हणतात, महिन्याच्या या दिवसांत सोडताच येणार नाही. अर्ज कसा लिहू? बिनपगारी घेऊन टाकू का?

उत्तर:

बिनपगारीचा अर्ज आत्ता देऊ नका. तुम्हाला मिळालेले नकार एक नाही, दोन आहेत, आणि दोघांची कारणं वेगळी आहेत. एचआरची अडचण रजेच्या प्रकाराची आहे: या दिवसांना हजेरीपत्रकात काय म्हणायचं, हे त्यांना कळत नाही. साहेबांची अडचण तारखांची आहे: ७, ११ आणि २० या टीडीएस-जीएसटीच्या मुदतींना टेबलावर कोण असणार? बिनपगारी रजा घेतलीत तर पहिला प्रश्न तुमच्या पगारातून सुटतो, पण दुसरा तसाच राहतो. साहेब तेव्हाही नाहीच म्हणणार, आणि तोवर पगार सोडायची तयारी तुम्ही लिहून दिलेली असेल.

मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात रजेचे अर्ज हाताळले आणि आता खेळाडूंच्या संघटनेकडून कंपन्यांना जाणारी पत्रं लिहितो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की अर्जात तारखा आणि रजेचा प्रकार वेगळे ठेवावेत. तारखांची मंजुरी आज मागायची. प्रकाराचा निर्णय नंतरही होऊ शकतो, कारण त्याचा संबंध पगारपत्रकाशी असतो आणि महिन्याची हजेरी बंद होईपर्यंत ते दिवस कोणत्या रकान्यात टाकायचे हे बदलता येतं. संघाची गाडी मात्र सुटायची तेव्हा सुटते.

आधी तुमचा हक्क किती, ते स्पष्ट करून घेऊ. खासगी नोकरीत राज्याच्या संघातून खेळण्यासाठी पगारी रजा द्यायलाच हवी, असं सांगणारा कायदा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. या रजा तुमच्याच. पण अमुक तारखेलाच त्या मिळतील याची हमी नाही. म्हणून अर्जात ‘खेळाडूंचा हक्क’, ‘राज्याचा सन्मान’ असले शब्द टाकू नका. असा अर्ज हाती आला की एचआरचा माणूस सावध होतो आणि कायदा विभागाकडे पाठवतो. आठवडा तिथेच जातो.

एचआरच्या मनातली खरी भीती वेगळी असते: आज हिला दिली तर उद्या कुणी मॅरेथॉनसाठी मागेल, कुणी गावच्या क्रिकेट स्पर्धेसाठी. ही भीती रास्त आहे आणि तिचं उत्तर अर्जातच द्यावं लागतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा नियम उपयोगी पडतो. तो तुमच्या कंपनीला लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून दाखवता येतो. १९८५ च्या त्या आदेशानुसार खेळासाठी कॅलेंडर वर्षात ३० दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धेसाठी निवड झाली असेल तर सामन्यांचे आणि जाण्या-येण्याचे दिवस कामावर धरण्याचीही तरतूद आहे. सोबत एक अट आहे आणि ती तुमच्या कामाची आहे: खेळाडू प्रतिनिधी म्हणून गेलेला हवा. स्वतःहून प्रवेशिका भरून, वैयक्तिक पातळीवर खेळायला गेलेल्याला ही सवलत नाही. मॅरेथॉनवाला आणि तुम्ही यांच्यातला फरक हाच. तुम्हाला संघटनेने नेमलं आहे, तुमच्या जागी दुसरी जाऊ शकत नाही आणि तारखा तुम्ही ठरवलेल्या नाहीत. एवढी तीन वाक्यं एचआरला समजली की ‘सगळेच मागतील’ हा मुद्दा बराचसा निघून जातो.

आता कागद. वर्तमानपत्रातलं कात्रण, व्हॉट्सॲपवर आलेली संघाची यादी किंवा अभिनंदनाचं पोस्टर यांना ऑफिसात किंमत नाही. राज्य संघटनेच्या लेटरहेडवर, तुमच्या कंपनीच्या नावाने, जावक क्रमांक आणि सचिवांच्या सहीचं पत्र हवं. त्या पत्रात काय असावं हे संघटनेला तुम्हीच सांगा, कारण आमच्याकडून बहुतेक वेळा सगळ्यांसाठी एकच छापील पत्र निघतं आणि त्यात फक्त सामन्यांच्या तारखा असतात. तुम्ही १७ दिवस मागता आणि पत्रात ५ दिवस दिसतात. उरलेले १२ कुठले, असं एचआरने विचारलं तर चूक त्यांची नाही. पत्रात शिबिराच्या, प्रवासाच्या आणि सामन्यांच्या तारखा स्वतंत्र लिहून घ्या, शिबिर सक्तीचं असेल तर तसं स्पष्ट वाक्य घ्या आणि परतीची तारीख घ्या. संघटना ज्या राष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे त्याचं नावही असू द्या. काही खेळांत एकाच राज्यात दोन संघटना आपणच अधिकृत म्हणून भांडत असतात. अशा वेळी एचआरने मान्यतेबद्दल विचारलं तर रागावू नका. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या महासंघाशी संलग्नता दाखवली की प्रश्न मिटतो.

या पत्राबाबत आणखी एक गोष्ट आजच विचारून घ्या: तुमचं नाव अंतिम संघात आहे की संभाव्य संघात? संभाव्य खेळाडूंना शिबिराला बोलावतात आणि अंतिम यादी शिबिराच्या शेवटी लागते. तसं असेल तर आत्ताचं पत्र फक्त शिबिरापुरतं धरलं जाईल, आणि स्पर्धेचं पत्र १० तारखेला तुमच्या हातात पडेल, तेव्हा तुम्ही ऑफिसात नसाल. त्या वेळी अर्जात सरळ लिहावं की ३ ते १० निश्चित आहे, ११ ते १९ अंतिम निवडीवर अवलंबून आहे, पत्र १० तारखेला ईमेलने पाठवते आणि निवड झाली नाही तर ११ ला हजर होते. ही गोष्ट लपवून सगळे दिवस मंजूर करून घेतले आणि नाव गळलं, तर रजा रद्द करून परत यायचं अवघड होतं. पुढच्या वेळी तुमच्या अर्जाकडे त्याच नजरेनं पाहिलं जातं.

दिवसांचा हिशेब असा. ३ ते १९ म्हणजे १७ दिवस. त्यात ९ आणि १६ हे दोन रविवार, म्हणजे कामाचे दिवस १५. शिबिराचे कामाचे दिवस ७ (३ ते ८ आणि १०). ११ ते १९ हे प्रवास आणि सामन्यांचे ९ दिवस, त्यातला एक रविवार वजा केला की ८.

माझा सल्ला असा की या ८ दिवसांसाठी विशेष रजा मागा, आणि शिबिराच्या ७ दिवसांसाठी स्वतःच्या अर्जित रजेतून द्यायची तयारी दाखवा. म्हणजे तुमच्याकडे २ अर्जित आणि ३ किरकोळ रजा उरतात. वर्षाचे बाकीचे महिने आजारपण, घरचं कार्य यांना त्या लागतीलच. सगळे १५ दिवस कंपनीकडे मागायला नियम आड येत नाही, पण मी पाहिलं आहे की ज्या कंपनीत अशी रजा कधी दिलेली नाही, तिथे अर्धा भार खेळाडूने उचलला की सही करणाऱ्याला वर उत्तर देणं सोपं जातं. पुढच्या वर्षी हाच अर्ज जुना दाखला म्हणून चालतो.

काहीच मिळालं नाही तर तुमची शेवटची पायरी किती खाली आहे, हे मनाशी माहीत असू द्या: ९ अर्जित, ३ किरकोळ आणि ३ बिनपगारी. पण त्याआधी एचआरला एक प्रश्न लेखी विचारा: सलग रजेच्या मधले रविवार रजेत धरले जातात का? अनेक कंपन्यांत दोन रजांच्या मध्ये अडकलेली सुटीही रजाच मोजतात. तुमच्याकडे तो नियम असेल तर १५ चे १७ होतात, आणि ३ बिनपगारी दिवसांचे ५. शिवाय काही ठिकाणी किरकोळ रजा अर्जित रजेला जोडून घेता येत नाही. तसं असेल तर त्या ३ दिवसांचाही पगार जाईल. बिनपगारी दिवसांचा परिणाम त्या महिन्याच्या पगारापुरता नसतो. त्या दिवसांचा पीएफ भरला जात नाही आणि काही कंपन्यांत पुढच्या वर्षाच्या रजा मोजतानाही ते दिवस वगळतात. म्हणून ‘तीनच दिवस तर आहेत’ म्हणून आधीच मान डोलावू नका. आणि ही शेवटची पायरी पहिल्या अर्जात लिहू नका. अर्जात स्वस्त पर्याय दिसला की एचआर तोच उचलतं.

आता साहेबांकडे वळू. माझ्या मते तुमची रजा एचआरकडे नाही, इथेच अडकली आहे. लेखा विभागातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, तरी तुमच्या तारखा समोर मांडून पाहू. टीडीएस भरायची मुदत ७ तारीख, तो तुमच्या शिबिराचा शुक्रवार. जीएसटीआर-१ ची मुदत ११, त्या दिवशी तुम्ही गाडीत. जीएसटीआर-३बी ची मुदत २०, म्हणजे ज्या सकाळी तुम्ही कामावर येणार तोच दिवस. साहेबांना तुमचे १७ दिवस दिसतच नाहीत. त्यांना या तीन तारखा दिसतात, त्यांमागचा विलंब शुल्क आणि व्याज दिसतं.

म्हणून अर्जासोबत एका पानाचं काम सोपवण्याचं टिपण जोडा आणि त्यात या तीन तारखांचंच उत्तर द्या. टीडीएस सोपा आहे. मागच्या महिन्याच्या नोंदी १ तारखेला, शनिवारी, पूर्ण करून कपातीचा तक्ता तपासून ठेवा आणि चलन तयार करून द्या. सहकाऱ्याला फक्त पैसे भरायचे राहतील. जीएसटीआर-१ साठी विक्रीची नोंदवही निघण्यापूर्वी जुळवून ठेवा आणि कोणाची बिलं उशिरा येतात त्यांची नावं लिहून द्या, कारण अडतं ते तिथेच.

खरी गाठ ३बी ची. खरेदीवरच्या कराची जमा ज्या जीएसटीआर-२बी वरून तपासायची, ते विवरण १४ तारखेला तयार होतं. म्हणजे तुम्ही कितीही आधी बसलात तरी हे काम जाण्यापूर्वी संपवता येत नाही. ते १४ ते १९ या दिवसांत दुसऱ्या कोणीतरी करायलाच हवं. अशा वेळी बरेच जण ‘मी तिथून लॅपटॉपवर करेन’ असं लिहितात. तसं लिहू नका. १४ तारखेला तुमचे सामने चालू असतील. सकाळच्या सत्रात सामना, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी पुन्हा सामना असा दिवस असतो, आणि मैदानाजवळ फोन पिशवीत राहतो. साहेब या शब्दावर विसंबून बसले आणि तुम्ही फोन उचलला नाही, तर तुमच्यासकट पुढच्या खेळाडूची रजाही गेली. त्यापेक्षा जो सहकारी हे काम करेल त्याच्याशी आधी बोला, मागच्या महिन्याची जुळवणी त्याला शेजारी बसवून एकदा करून दाखवा, आणि ३बी १८ तारखेपर्यंत भरून टाकायचं ठरवा. २० तारीख स्वतःसाठी राखून ठेवू नका. गाड्या उशिरा येतात, आणि शेवटच्या दिवशी पोर्टलही संथ असतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी हमखास राहून जाते. पोर्टलवरचा किंवा बँकेचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो का? येत असेल तर वरचं सगळं नियोजन त्या एका आकड्यावर अडेल. निघण्यापूर्वी अधिकृत सहीदार किंवा दुसऱ्या सहकाऱ्याचा क्रमांक नोंदवून घ्या. नोंदणी बदलायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम या आठवड्यात सुरू करा.

अर्ज साधारण असा असावा:

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
(मार्फत: प्रमुख, लेखा विभाग)

विषय: वरिष्ठ राष्ट्रीय खो-खो स्पर्धेत महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व करण्यासाठी ३ ते १९ या कालावधीत रजा मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

वरील स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या महिला संघात माझी निवड झाली आहे. राज्य संघटनेचे पत्र सोबत जोडले आहे. ही निवड संघटनेच्या नेमणुकीने झालेली असून मी वैयक्तिक प्रवेशिकेवर सहभागी होत नाही.

सराव शिबिर ३ ते १० असून ते सक्तीचे आहे. ११ व १२ रोजी प्रवास व नोंदणी, १३ ते १७ सामने, १८ व १९ रोजी परतीचा प्रवास आहे. मी २० तारखेला सकाळी कामावर रुजू होईन.

शिबिराच्या ७ कामाच्या दिवसांसाठी माझ्या खात्यावरील अर्जित रजा मंजूर करावी. ११ ते १९ मधील ८ कामाच्या दिवसांसाठी विशेष रजा मंजूर करावी, ही विनंती. ही विनंती या एका स्पर्धेपुरती आहे.

रजेच्या प्रकाराबाबत निर्णयास वेळ लागणार असल्यास कृपया तारखांना आधी मंजुरी द्यावी. प्रकाराबाबतचा निर्णय महिन्याची हजेरी बंद होण्यापूर्वी झाला तरी चालेल.

७, ११ आणि २० या मुदतींच्या कामांची व्यवस्था सोबतच्या टिपणात दिली आहे. संबंधित सहकाऱ्याची त्यावर संमती घेतली आहे.

स्पर्धेच्या तारखा बदलल्यास ही रजा रद्द समजावी; मी नव्या पत्रासह पुन्हा अर्ज करीन. संघ लवकर परतल्यास लगेच रुजू होईन. परतल्यावर सहभागाचे व उपस्थितीचे प्रमाणपत्र सादर करीन.

आपली विश्वासू,

एवढं पुरे. तुमची आधीची पदकं, लहानपणापासूनची मेहनत हे अर्जात नको. साहेबांशी बोलताना जरूर सांगा.

‘मार्फत’ ही ओळ महत्त्वाची आहे. अर्ज थेट एचआरकडे गेला तर ते साहेबांचं मत मागवतात, आणि ते मत कोऱ्या कागदावर येतं. साहेबांकडून गेला तर त्यांच्यासमोर टिपण असतं आणि त्यावर त्यांना ‘कामाची व्यवस्था झाली आहे’ एवढंच लिहायचं असतं. अर्ज हातात देण्याआधी टिपण घेऊन त्यांच्याकडे दहा मिनिटं बसा. मग अर्जाची प्रत ईमेलनेही पाठवा, म्हणजे तारीख नोंदली जाते.

संघटनेचं पत्र अजून हातात नसेल तर त्याची वाट पाहत बसू नका. सचिवांच्या सह्या, जावक क्रमांक यांत आमच्याकडूनही दिवस जातात, हे मान्य करतो. आज पूर्वसूचना म्हणून वरच्याच तारखांचा ईमेल पाठवा आणि पत्र आलं की त्यालाच जोडून औपचारिक अर्ज द्या. पुढच्या वर्षी ही पूर्वसूचना आणखी आधी, राज्य निवड चाचणीला नाव गेलं तेव्हाच द्यायची सवय लावा. निवड झाली नाही तर त्या ईमेलने कोणाचं काही बिघडत नाही.

लेखी उत्तर येण्यापूर्वी मात्र निघू नका. ‘जा गं, बघू नंतर’ असं तोंडी मिळालेलं असतं, साहेब बदलीवर किंवा रजेवर जातात, आणि हजेरीपत्रकात विनापरवानगी गैरहजेरी लागते. सलग इतके दिवस विनापरवानगी गैरहजर राहणं बहुतेक कंपन्यांच्या नियमांत गैरवर्तन धरलं जातं. ‘मंजूर’ एवढा एका शब्दाचा ईमेल आला तरी चालेल. तो न आल्यास २८ तारखेच्या सुमारास आठवण करून द्या आणि ‘अमुक तारखेच्या बोलण्यानुसार’ असं लिहून ते बोलणं कागदावर आणा.

आजारी रजेचा विचारही करू नका. संघातल्या दुसऱ्या मुलीने सुचवला असेल, सुचवतात. राज्याच्या संघाची यादी नावानिशी वर्तमानपत्रात छापून येते, सामने मोबाइलवर थेट दिसतात. ज्या डॉक्टरने प्रमाणपत्र दिलं त्यालाही तुम्ही अडचणीत आणता. रजा नाकारली गेली तर नोकरी राहते. खोटं प्रमाणपत्र पकडलं गेलं तर राहीलच असं नाही.

तारखांनाही नकार आला, तर कारण लेखी मागा, पण भांडणाच्या सुरात नको. ‘कोणत्या दिवसांची अडचण आहे ते कळल्यास मार्ग काढता येईल’ असं विचारा. बहुतेकदा उत्तरात सतरा दिवस नसतात, दोन किंवा तीन असतात. समजा ७ तारीख अडत असेल, तर संघाच्या प्रशिक्षकांशी बोलून शिबिराला ८ पासून हजर राहायची परवानगी मागता येते. अंतिम संघातल्या खेळाडूला ती कधी मिळते, कधी नाही. संभाव्य यादीतल्या खेळाडूने ती मागू नये, कारण तिची जागा त्याच शिबिरात ठरायची असते. या टप्प्यावर संघटनेच्या सचिवांनी तुमच्या साहेबांना एक फोन केला तर उपयोग होतो. मी असे फोन करतो. त्यात मी कौतुक करत नाही, शिबिर का लागतं ते सांगतो: खो-खोमध्ये खांबापाशी कोण बसणार, साखळी कशी तोडायची, कोणत्या तुकडीने आधी पळायचं हे सगळं एकत्र सरावातच बसतं आणि आठ दिवस त्याला कमीच पडतात. व्यवस्थापकाला ‘सराव घरी करता येत नाही का’ असा प्रश्न खरोखर पडलेला असतो.

परतल्यावर २० तारखेला टेबलावर बसायच्या आधी एका ओळीचा रुजू झाल्याचा ईमेल पाठवा. त्यानंतर दोन दिवसांत सहभागाचं प्रमाणपत्र, संघटनेचं उपस्थितीपत्र आणि तिकिटांच्या प्रती एचआरला द्या. प्रमाणपत्राची फक्त छायाप्रत द्या. मूळ प्रत ऑफिसच्या फायलीत जाऊ देऊ नका. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणातून कधी अर्ज करावासा वाटला तर पडताळणीला तीच मूळ प्रत लागते. स्पर्धेत दुखापत झाली आणि आणखी दिवस लागले, तर ते विशेष रजेत ओढू नका. त्याच दिवशी कळवा आणि डॉक्टरांच्या खऱ्या कागदावर वेगळी आजारी रजा घ्या.

विशेष रजेचा निर्णय तोवर झाला नसेल तर हे कागद देतानाच त्याची आठवण करा. तुमच्याकडे महिन्याची हजेरी कोणत्या तारखेला बंद होते ते आजच विचारून ठेवा. ती २५ असेल तर तुमच्या हातात पाच दिवस आहेत, आणि २० असेल तर तो निर्णय जाण्यापूर्वीच घ्यावा लागेल. मग अर्जातली ‘प्रकाराबाबतचा निर्णय नंतर झाला तरी चालेल’ ही ओळ काढून टाका.